91 दिवसांचं टी-बिल घेतलंय, पण पैसे नक्की कुठल्या तारखेला येणार? बेळगाव-निपाणीकडच्या लोकांसाठी हिशोब

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातच दोघांनी टी-बिल घेतलं. निपाणीच्या तात्यांनी नोव्हेंबरमध्ये लिलावातून घेतलं आणि खानापूरच्या आमच्या मामांनी जानेवारीत बाजारातून, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी विकायला काढलेलं. दोघंही मला एकच गोष्ट विचारत होते, "91 दिवसांचं हाय न्हवं, मग आजपासून 91 दिवस मोजायचे की?" तात्यांचं बरोबर होतं, मामांचं चूक होतं, आणि गंमत म्हणजे दोघांच्या बिलाची मुदत संपायची तारीख एकच होती, 19 फेब्रुवारी 2026. त्यातही ती तारीख मुंबईत सुट्टीची आणि आपल्या बेळगावात कामाची. हा सगळा हिशोब इथे नीट मांडतोय, कारण तारखेवर कुणाची फी भरायची असते, कुणाचं खरेदीखत असतं, तिथे एक दिवस इकडेतिकडे झाला तरी माणूस अडकतो.

आधी हे पक्कं करा: 91 दिवस बिलाचे आहेत, तुमचे नाहीत

टी-बिल म्हणजे केंद्र सरकारचं कमी मुदतीचं कर्ज, रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीनं विकते. त्यावर व्याज वेगळं मिळत नाही, शंभरच्या बिलाला शंभरपेक्षा थोडे कमी देऊन घ्यायचं आणि मुदत संपली की पूर्ण शंभर मिळतात. मुदती तीन आहेत, 91, 182 आणि 364 दिवस. लिलाव साधारण दर बुधवारी होतो आणि बिल गुरुवारी जारी होतं, म्हणजे पैसे आणि बिल यांची अदलाबदल गुरुवारी होते. या गुरुवारला इश्यू डेट म्हणायचं, आणि 91 दिवस इथूनच मोजायचे. बुधवारी बोली लागली म्हणून बुधवारपासून नाही, आणि रविवारी घरी बसून पोर्टलवर अर्ज भरला म्हणून रविवारपासून तर नाहीच.

तात्यांनी बोली लावली तो लिलाव बुधवारी 19 नोव्हेंबर 2025 चा, इश्यू डेट गुरुवार 20 नोव्हेंबर. त्यांच्यासाठी खरेदीची तारीख आणि बिलाची जन्मतारीख एकच, त्यामुळे 91 मोजले तरी चालतात. मामांनी मात्र 6 जानेवारीला घेतलं. ते बिल तोपर्यंत दीड महिना जुनं झालेलं होतं, त्याचे शिल्लक दिवसच मामांना मिळाले. सेकंडहँड गाडी घेतली तर पाच वर्षांचा इन्शुरन्स आपण घेतल्या दिवसापासून सुरू होत नाही, पहिल्या मालकाच्या तारखेपासूनच चालतो, तसंच हे.

मामांना मी म्हटलं, "मामा, तुम्ही बिल विकत घेतलंय, 91 दिवस विकत घेतलेले नाहीत." ते म्हणाले, "मग नावात 91 कशाला घातलंय की?" तर ते नाव बिल जन्माला आलं तेव्हाच्या पूर्ण मुदतीचं आहे, शेवटपर्यंत तेच राहतं, अगदी शेवटचे दोन दिवस उरले तरी.

मॅच्युरिटी डेट हातानं कशी काढायची

मोजणीचा नियम एकच: सुरुवातीचा दिवस शून्य, त्याच्या पुढचा दिवस एक. 20 नोव्हेंबरला बिल मिळालं तर 21 नोव्हेंबर हा पहिला दिवस. घरात मुलाची तारीख मोजताना आजी जन्मदिवस धरून मोजतात, बारशाला ते चालतं, इथे चालत नाही. सुरुवातीचा दिवस धरला तर उत्तर एक दिवस आधी येतं.

महिन्या-महिन्यानं असं मोजा:

```
20 नोव्हेंबर ते 30 नोव्हेंबर : 10 दिवस   (एकूण 10)
डिसेंबर पूर्ण                : 31 दिवस   (एकूण 41)
जानेवारी पूर्ण               : 31 दिवस   (एकूण 72)
फेब्रुवारी                   : 19 दिवस   (एकूण 91)
मॅच्युरिटी                   : 19 फेब्रुवारी 2026
```

पहिल्या महिन्यात फक्त वजाबाकी करायची, 30 मधून 20 गेले 10, त्यात अधिक एक करायचा नाही, तो अधिक एक केला की सुरुवातीचा दिवस आत शिरला. मधले महिने पूर्ण घ्यायचे आणि 91 ला जितके कमी पडतात तितकी शेवटच्या महिन्याची तारीख. बस्स इतकंच.

आता या हिशोबाची एक फार सोपी पडताळणी आहे, ही लक्षात ठेवली तर पुढे कॅल्क्युलेटरही लागत नाही. 91 म्हणजे 13 आठवडे, बरोबर 13 गुणिले 7. त्यामुळे ज्या वारी बिल जारी झालं त्याच वारी मुदत संपली पाहिजे. गुरुवारी सुरू तर गुरुवारीच संपणार. तुमचं उत्तर बुधवार किंवा शुक्रवार आलं तर एक दिवसाची चूक झालीय हे नक्की, पुन्हा मोजा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेरा गुरुवार पुढे मोजायचे, तरी तीच तारीख मिळते, आमच्या आक्का तशाच मोजतात आणि त्यांची तारीख कधी चुकत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती "तीन महिने" धरल्यानं. 20 नोव्हेंबरनंतर तीन महिने म्हणजे 20 फेब्रुवारी, पण ते 92 दिवस होतात. 1 फेब्रुवारीपासून तीन महिने 1 मे, ते साध्या वर्षात 89 दिवस. तीन महिन्यांचा काळ 89 पासून 92 पर्यंत कितीही निघू शकतो, 91 मात्र 91 च असतात. एफडी आपण महिन्यात करतो म्हणून सवय लागलेली असते, ती इथे बाजूला ठेवायची.

फेब्रुवारी मधे आला की वर्ष बघा. 2026 आणि 2027 मध्ये 28 दिवस, 2028 मध्ये 29. महिन्या-महिन्यानं मोजताना हे चुकलं तर वार जुळत नाही, लगेच कळतं.

वार नेहमी गुरुवारच असेल असं धरू नका

मुंबईत बुधवारी किंवा गुरुवारी सुट्टी असली की लिलाव आणि इश्यू पुढे-मागे सरकतात. 20 नोव्हेंबर 2024 ला महाराष्ट्र विधानसभेचं मतदान होतं, बुधवार होता आणि मुंबईचे बाजार त्या दिवशी बंद होते. आपल्याकडे तो साधा कामाचा बुधवार. अशी सुट्टी वर्षाच्या सुरुवातीच्या यादीत नसते, मागाहून जाहीर होते. म्हणून डोक्यात "गुरुवार" न ठेवता त्या लिलावाच्या रिझर्व्ह बँकेच्या नोटीसमध्ये इश्यूची जी तारीख दिलीय तीच धरायची. शुक्रवारी जारी झालं तर 13 आठवड्यांनी शुक्रवार येणार, वाराची पडताळणी तशीही चालतेच.

आता आपल्या सीमाभागाचा खरा मुद्दा: सुट्टी कुणाची धरायची

तात्यांचं उत्तर आलं 19 फेब्रुवारी 2026, गुरुवार. पण 19 फेब्रुवारी म्हणजे शिवजयंती, महाराष्ट्रात सरकारी सुट्टी, बँका बंद, आणि सरकारी रोख्यांचं सगळं काम मुंबईत चालतं म्हणून तेही बंद. कर्नाटकच्या बँक सुट्ट्यांत ती नाही. निपाणीत शिवजयंती जोरात होते, चौकात पुतळ्याला हार पडतात, तरी बँकेची शाखा उघडी असते. तात्या म्हणाले, "आमची बँक चालू हाय, मग पैसे येणारच." पण तुमची शाखा चालू असणं आणि पैसे पाठवणारं ऑफिस चालू असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बिलाच्या बाबतीत दुसरीच महत्त्वाची.

सरकारी रोख्यांचा नियम असा आहे: मुदत संपायची तारीख रविवारी किंवा सुट्टीला आली तर मुद्दल आधीच्या कामाच्या दिवशी परत मिळतं. व्याजाचं उलटं असतं, मोठ्या मुदतीच्या सरकारी बाँडचं सहामाही व्याज सुट्टीला आलं तर ते पुढच्या कामाच्या दिवशी मिळतं. टी-बिलात व्याजाचा हप्ताच नसतो, सगळं मुद्दल, म्हणून इथे कायम मागचा दिवस बघायचा. बँकेच्या एफडीची आणि कर्जाच्या हप्त्याची सवय असलेले लोक पुढचा दिवस धरून बसतात, ते इथे चुकतं.

म्हणजे नियमानं तात्यांचे पैसे बुधवारी 18 फेब्रुवारीला. बिलाच्या नावावर तारीख 19 च राहते, फक्त पैसे आदल्या दिवशी हातात येतात.

इथे एक फसवा योग जुळलाय तोही सांगतो. कुणी सुरुवातीचा दिवस धरून चुकीचं मोजलं असतं तर त्यालाही 18 फेब्रुवारीच मिळाली असती, आणि पैसे 18 ला आल्यावर त्याला वाटलं असतं की आपली पद्धत बरोबर आहे. पुढच्या बिलाला सुट्टी नसेल तेव्हा तो एक दिवस आधी पैशाची वाट बघत बसणार. म्हणून आधी 91 मोजून तारीख काढा, वार जुळवा, आणि मगच सुट्टी बघा. दोन्ही पायऱ्या वेगळ्या ठेवा, एकत्र करू नका.

सरावासाठी आणखी एक घ्या. 18 डिसेंबर 2025 ला, गुरुवारी जारी झालेलं बिल. डिसेंबरचे 13, जानेवारी 31 झाले 44, फेब्रुवारी 28 झाले 72, राहिले 19. म्हणजे 19 मार्च 2026, गुरुवार, वार जुळला. आता कॅलेंडर बघा, त्या दिवशी गुढीपाडवा, कर्नाटकात उगादी. दोन्हीकडे सुट्टी, म्हणून इथे गोंधळ नाही, पैसे 18 मार्चला.

उलटी बाजूही आहे. 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, आपल्या शाखा बंद, मुंबईत तो साधा दिवस असतो. 1 नोव्हेंबर कामाच्या वारी आला आणि त्या दिवशी बिल संपत असलं तर बिलाची तारीख हलत नाही, रिझर्व्ह बँकेच्या बाजूनं पैसे त्याच दिवशी निघणार, कारण मुंबई चालू आहे. तुमच्या खात्यात ऑनलाईन जमा होईल, पण त्याच दिवशी काउंटरवर जाऊन डीडी काढायचा असेल किंवा चेक लावायचा असेल तर शाखा बंद. बसव जयंतीसारख्या कर्नाटकाच्या सुट्ट्यांनाही हेच. म्हणून दोन याद्या लागतात: बिल कधी फुटणार यासाठी मुंबईची, आणि आलेल्या पैशाचं पुढचं काम शाखेत कधी होणार यासाठी बेळगावची. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर सुट्ट्या ऑफिसप्रमाणे दिलेल्या असतात, तिथे मुंबई निवडा. आपल्या शाखेतलं कॅलेंडर बेंगळूरच्या यादीवरून छापलेलं असतं, ते बिलाच्या तारखेला कामाचं नाही.

बाजारातून घेतलेल्या बिलाचे शिल्लक दिवस

आता मामांकडे येऊ. त्यांनी 6 जानेवारी 2026, मंगळवारी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवरच्या खात्यातून बिल घेतलं. सौदा मंगळवारी झाला, पण पैसे आणि बिल यांची अदलाबदल लगेच पुढच्या कामाच्या दिवशी होते, बुधवारी 7 जानेवारीला. ह्याला सेटलमेंट म्हणतात आणि शिल्लक दिवस सौद्यापासून नाही तर सेटलमेंटच्या तारखेपासून मोजायचे. कारण मंगळवारी रात्री पैसे अजून मामांचेच होते, बिल अजून विकणाऱ्याचंच होतं, त्या रात्रीची कमाई विकणाऱ्याची.

शेवटची तारीख कुठून घ्यायची तर बिलाच्या नावातूनच. स्क्रीनवर नाव असं दिसतं:

```
091 DTB 19022026
```

शेवटचे आठ आकडे म्हणजे दिवस, महिना, वर्ष. 19-02-2026. हीच मॅच्युरिटी. सुरुवातीचे 091 वाचून त्यात भर घालत बसायचं नाही. आयएसआयएन नंबर म्हणजे बिलाचा ओळख क्रमांक, त्यावरूनही प्रकार कळतो, `IN002025X` अशी सुरुवात असली तर 2025-26 या आर्थिक वर्षातलं 91 दिवसांचं बिल, X च्या जागी Y असला तर 182 चं, Z असला तर 364 चं.

मोजणी तीच, सुरुवातीचा दिवस शून्य:

```
7 जानेवारी ते 31 जानेवारी : 24 दिवस
फेब्रुवारी                : 19 दिवस
शिल्लक                    : 43 दिवस
```

मामांनी मात्र वहीत 8 एप्रिल लिहून ठेवलं होतं, 7 जानेवारीत 91 मिळवून. मोजणी अगदी बरोबर होती, सुरुवात चुकीच्या ठिकाणाहून होती. नशीब की पैसे लवकर येणार होते, उलटं असतं तर देणेकऱ्याला तोंड कसं दाखवणार. आता त्यांना फेब्रुवारीतच पैशाची पुढची सोय करावी लागणार होती, नाहीतर दीड महिना रक्कम बचत खात्यात पडून राहिली असती.

बाजारातून घेताना 91, 182 की 364 हे बघण्यात फारसा अर्थ नाही. 364 दिवसांचं जुनं बिल 43 दिवस उरलेलं असेल तर तुमच्यासाठी ते 43 दिवसांचंच बिल आहे. तारीख बघा, नाव नको.

एक दिवस चुकला तर आकड्यात काय फरक पडतो

तारखेची काळजी नुसती पैसे कधी येणार म्हणून नाही, परतावा किती टक्के पडला हेही दिवसांवरच अवलंबून असतं. सूत्र:

```
परतावा % = (100 - किंमत) / किंमत × 365 / शिल्लक दिवस × 100
```

समजा तात्यांना बिल 98.65 ला पडलं (हा भाव उदाहरणासाठी धरलाय, प्रत्येक लिलावात वेगळा निघतो). एक लाखाच्या बिलाला त्यांनी 98,650 दिले, मुदतीला एक लाख मिळणार, फायदा 1,350. 91 दिवस धरले तर वर्षाला 5.49 टक्के पडतात. तीन महिने म्हणून 92 धरले तर 5.43. पैसे 18 तारखेला, म्हणजे 90 दिवसांत आले म्हणून तुमचा स्वतःचा हिशोब कराल तर 5.55. रुपये तेच 1,350, टक्के मात्र बदलतात. आणखी एक चूक, 365 ऐवजी 360 घेतले तर 5.41 निघतं. परदेशातल्या काही बाजारांत 360 वापरतात, इंटरनेटवरचं सूत्र तिथलं असतं, आपल्या टी-बिलाला 365 च.

मामांचा भाव 99.36 धरा, 43 दिवस. परतावा 5.47 टक्के. मामांच्या पहिल्या समजुतीनं 91 दिवस धरले असते तर 2.58 टक्केच दिसले असते, आणि त्यांनी खरंच मला फोन करून विचारलं होतं की "एवढं कमी कसं, बचत खातं बरं की." भाव बरोबर होता, दिवस चुकीचे होते. सौद्याच्या दिवसापासून 44 धरले तरी 5.34 येतं, म्हणजे एका दिवसानं साधारण 0.13 टक्क्यांचा फरक. दिवस जितके कमी उरलेले तितकी एका दिवसाची चूक मोठी, दहा दिवस उरलेल्या बिलात तर एक दिवस म्हणजे दहावा हिस्सा. तुम्ही काढलेला परतावा स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळत नसेल तर आधी दिवस तपासा, भावाला दोष नंतर द्या.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर

चार-पाच बिलं असली की वहीपेक्षा शीट बरी. माझी अशी आहे:

```
A2: =DATE(2025,11,20)
B2: =A2+91
C2: =TEXT(B2,"dddd")
D2: =WORKDAY(B2+1,-1,$H$2:$H$30)
E2: =DATE(2026,1,7)
F2: =B2-E2
```

A मध्ये इश्यूची तारीख, B मध्ये मॅच्युरिटी, C मध्ये वार. D मध्ये पैसे खरोखर येण्याची तारीख, H च्या रकान्यात मुंबईच्या सुट्ट्या टाकायच्या. त्यात आधी एक दिवस पुढे जाऊन मग एक कामाचा दिवस मागे येतोय, म्हणून सुट्टी नसली तर तीच तारीख राहते आणि सुट्टी असली तर आधीचा कामाचा दिवस येतो. E मध्ये तुमची सेटलमेंट, F मध्ये शिल्लक दिवस. बाजारातून घेतलेल्या बिलाला A रिकामा ठेवा आणि B मध्ये नावातली तारीख सरळ टाका, तिथे 91 मिळवायचेच नाहीत.

तारीख मी DATE नं टाकतो त्याला कारण आहे. कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर सेट असेल तर 07-01-2026 लिहिल्यावर तो गुपचूप 1 जुलै धरतो, कुठलाही एरर देत नाही. 20-11-2025 लिहिलं तर विसावा महिना नसल्यानं तो नुसता मजकूर होऊन बसतो आणि पुढे #VALUE! दिसतं, हे बरं, निदान कळतं तरी. पहिली चूकच धोक्याची. बारापर्यंतचे दिवस असलेल्या तारखा सगळ्या अशा फसू शकतात, म्हणून C मधला वार बघायची सवय लावा.

आणि F मध्ये 43 ऐवजी 12-02-1900 असलं काहीतरी दिसलं तर घाबरू नका, हिशोब बरोबर आहे, फक्त त्या घराचा फॉरमॅट तारखेचा आहे, तो नंबर करा.

मुदतीचे पैसे पुन्हा गुंतवायचे असतील तर

हे तात्यांना फार उशिरा लक्षात आलं. बिल गुरुवारी संपतं, पण त्याच गुरुवारी जारी होणाऱ्या नव्या बिलाचा लिलाव आदल्या बुधवारी झालेला असतो आणि लहान गुंतवणूकदाराला पैसे त्याच्याही आधी भरावे लागतात. म्हणजे एका बिलाचे पैसे सुटले त्याच दिवशी दुसऱ्यात जातील असं धरू नका, हाताशी दुसरी रक्कम नसेल तर पुढच्या आठवड्याचा लिलाव गाठावा लागतो. 19 फेब्रुवारीच्या आठवड्यानंतरचा नेहमीचा इश्यू 26 फेब्रुवारी, गुरुवार. 18 ला पैसे आले आणि 26 ला नवं बिल सुरू झालं तर मधले आठ दिवस रक्कम बचत खात्याच्या दरानं पडून राहते. 91 दिवसांचा परतावा वर्षभराचा धरून कुणी फायदा काढत असेल तर हे मधले दिवसही त्यात धरले पाहिजेत.

यावर तात्यांनी आता असं केलंय की सगळी रक्कम एकाच बिलात न घालता तीन वेगवेगळ्या आठवड्यांच्या बिलांत वाटलीय. रिटेल डायरेक्टवर कमीत कमी दहा हजारांचं आणि दहा हजारांच्या पटीत घेता येतं, त्यामुळे लहान रकमेचेही तुकडे पडतात. प्रत्येक बिलाच्या तीन तारखा त्यांनी कपाटाच्या दाराच्या आत लिहून चिकटवल्यात: जारी झालेली, बिलाच्या नावावरची, आणि मुंबईची सुट्टी बघून पैसे येणारी. चौथ्या रकान्यात आक्कांनी पेन्सिलीनं बेळगावच्या शाखेची सुट्टी लिहिलीय, ती दर वर्षी बदलते म्हणून पेन्सिलीनं.